फोटोतला वेडावाकडा भाग निवडताना: मॅजिक वँडचा टॉलरन्स, लॅसो आणि फेदर

फोटोशॉपसारख्या प्रोग्राममध्ये फोटोचा एखादा भाग निवडायला मॅजिक वँड, लॅसो आणि फेदर यांतलं चांगलं कोणतं, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. पण ही तिन्ही एकाच कामाची नाहीत. वँड रंग पाहून निवडतो. लॅसोला रंगाचं काही देणंघेणं नसतं, तो फक्त तुम्ही आखलेली रेषा पाळतो. आणि फेदर स्वतः काहीच निवडत नाही, आधी झालेल्या सिलेक्शनची कड तेवढी मऊ करतो. त्यामुळे विचारायचं ते असं: या फोटोत, कडेच्या या तुकड्यावर, वस्तू आणि पार्श्वभूमी वेगळी ओळखू येते ती कशामुळे? रंगामुळे ओळखू येत असेल तिथे वँड वापरायचा. रंग जवळजवळ सारखा असून डोळ्याला फक्त आकार कळत असेल तिथे लॅसो. फेदरची पाळी सगळ्यात शेवटी. बहुतेक फोटोंत एकाच वस्तूच्या कडेवर या दोन्ही परिस्थिती असतात, म्हणून तिन्ही लागतात. त्यांचा क्रम चुकला की काम बिघडतं.

हे एका उदाहरणावरून पाहू. करड्या दगडावर पडलेलं एक लाल पान आहे. फोटो ३००० × २००० पिक्सेलचा, जेपेग. पानाची कड दातेरी आहे, देठ बारीक आहे, अर्ध्या पानावर ऊन आहे आणि अर्ध्यावर सावली. पानाची स्वतःची सावली दगडावर पडली आहे. शेजारी दगडावर एक ओलसर तपकिरी डाग आहे. पान तेवढं निवडून दगडाला हात न लावता पानाचा रंग बदलायचा आहे. खाली फोटोशॉप धरलं आहे, गिंप या दुसऱ्या प्रोग्राममधले फरक पुढे येतील.

आधी रंग मोजा, मग टॉलरन्स ठरवा

टॉलरन्स म्हणजे क्लिक केलेल्या रंगापासून किती फरक चालवून घ्यायचा ती मर्यादा. त्याचा आकडा ० ते २५५ मध्ये असतो आणि सुरुवातीला तो ३२ असतो. बरेच जण तो अंदाजाने वाढवत-कमी करत बसतात. त्यापेक्षा `F8` दाबून Info पॅनल उघडा आणि कर्सर पानावरून आणि दगडावरून हळूहळू फिरवा. आपल्या फोटोत लाल, हिरवा आणि निळा या तीन चॅनलचे आकडे त्याच क्रमाने असे दिसतात:

- उन्हातलं पान: १९०, ६०, ४०
- पानाचा गडद, शिरांचा भाग: १२०, ४०, ३०
- सावलीतलं पान: ९०, ४५, ४०
- कोरडा दगड: १३०, १२५, ११८
- तपकिरी डाग: १२०, ९०, ७०
- दगडावरची पानाची सावली: ६२, ५६, ५२

ज्या पिक्सेलवर क्लिक कराल त्याच्या प्रत्येक चॅनलच्या आकड्यातून टॉलरन्स वजा करायचा आणि त्यात मिळवायचा, एवढं ढोबळ गणित पुरतं. तिन्ही चॅनल या हद्दीत बसले तरच पिक्सेल निवडला जातो. उन्हातल्या पानावर ३२ ने क्लिक केलं तर लाल १५८ ते २२२, हिरवा २८ ते ९२ आणि निळा ८ ते ७२ अशी हद्द होते. उन्हातला भाग येतो. शिरांचा भाग येत नाही, कारण तिथला लाल १२० आहे.

इथे हात आपोआप टॉलरन्स वाढवायला जातो. ७० केला तर लालची हद्द १२० पासून सुरू होते आणि शिरांचा भाग जेमतेम आत येतो. पण त्याच हद्दीत तपकिरी डागही बसतो: १२० लाल चालतो, ९० हिरवा चालतो, ७० निळा चालतो. सावलीतलं पान मात्र अजून बाहेरच आहे. ते घ्यायचं तर टॉलरन्स १०० लागतो. मग हिरव्याची हद्द १६० पर्यंत आणि निळ्याची १४० पर्यंत जाते, आणि कोरडा दगड अख्खा आत येतो. म्हणजे या फोटोत पान पूर्ण येईल आणि दगड अजिबात येणार नाही असा एका क्लिकचा कुठलाच आकडा नाही. आकडे मोजल्यावर हे आधीच कळतं आणि स्लायडरशी झटापट टळते.

उपाय असा की टॉलरन्स लहान ठेवायचा आणि क्लिक वाढवायचे. `Shift` दाबून धरलं की नवा क्लिक आधीच्या सिलेक्शनमध्ये मिळवला जातो.

पहिला क्लिक उन्हातल्या भागावर, टॉलरन्स ३०. दुसरा क्लिक `Shift` धरून शिरांच्या भागावर, टॉलरन्स तोच. आता हद्द लाल ९० ते १५०, हिरवा १० ते ७०, निळा ० ते ६० अशी झाली. सावलीतल्या पानाचा बराच भाग यातच येतो. तपकिरी डाग हिरव्यामुळे बाहेर राहतो आणि दगडावरची सावली लालमुळे बाहेर राहते. तिसरा क्लिक सावलीतल्या उरलेल्या भागावर, पण तो ३० ने करू नका. त्या हद्दीत लाल ६० पासून सुरू होतो आणि दगडावरची सावली ६२ आहे, म्हणजे सिलेक्शन लगेच बाहेर सांडेल. टॉलरन्स १५ वर आणा आणि मग क्लिक करा. हद्द ७५ ते १०५ होते आणि सावली बाहेर राहते.

म्हणून टॉलरन्स फोटोगणिक नव्हे, क्लिकगणिक ठरवावा. उजेडातल्या भागात पान आणि दगड यांच्यात फरक मोठा असतो, तिथे ३० किंवा ४० चालतो. अंधाऱ्या भागात सगळेच आकडे एकमेकांजवळ येतात, तिथे १० ते १५ च्या वर जाणं धोक्याचं.

वँडच्या पट्टीवरच्या तीन गोष्टी

Sample Size बहुधा Point Sample वर असतं, म्हणजे तुमच्या कर्सरखालचा एकच पिक्सेल नमुना म्हणून घेतला जातो. फोटोत थोडी जरी खरखर असेल तर तो एक पिक्सेल आजूबाजूपेक्षा वेगळा असू शकतो. मग एकाच जागी दोनदा क्लिक केल्यावर दोन वेगळी सिलेक्शन मिळतात आणि दोष टॉलरन्सला दिला जातो. ते 3 by 3 Average किंवा 5 by 5 Average करा. लक्षात असू द्या, आयड्रॉपरचं सेटिंगही याच्याशी जोडलेलं आहे. तिकडे बदललं की इकडेही बदलतं.

Contiguous चालू असेल तर क्लिकच्या जागेला सलग जोडलेले पिक्सेलच येतात. बंद असेल तर फोटोभरातले तसल्या रंगाचे सगळे. पानासाठी ते चालू हवं. मात्र सलग म्हणजे एका पिक्सेलची वाटसुद्धा पुरते, हे विसरू नका. पानाच्या कडेला एकाच ठिकाणी रंग मिसळला असेल तर तेवढ्या फटीतून सिलेक्शन दगडावर पसरतं. अशा वेळी टॉलरन्स दोन-तीन अंकांनी कमी करून पाहा. तरी गळती थांबली नाही तर पूर्ववत करून त्या जागी पुढे लॅसो वापरा. अख्ख्या पानाचा टॉलरन्स एका फटीसाठी बळी देऊ नका.

Anti-alias चालू ठेवा. त्याने कडेच्या पिक्सेलना अर्धवट निवड मिळते आणि पायऱ्यांसारखी कड दिसत नाही. पण ते सिलेक्शन करण्याआधी चालू असावं लागतं, नंतर लावता येत नाही.

वँडच्या कडेला बारीक दाते येणं हे जेपेगमध्ये साहजिक आहे. जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे ठोकळे पाडून माहिती साठवतं, आणि बहुतेक वेळा रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईने ठेवतं. त्यामुळे लाल आणि करडा जिथे भेटतात तिथे दोन-तीन पिक्सेल रुंदीचा गढूळ पट्टा असतो. वँड त्यात अडखळतो. मूळ रॉ फाइल हाताशी असेल तर निवडीचं काम तिच्यावरून काढलेल्या टिफवर करा, हा पट्टा खूपच स्वच्छ मिळतो.

लॅसो: आत ढोबळ, कडेवर सावकाश

तीन क्लिकनंतर पानाचा बहुतेक भाग आला असेल. राहिलेल्या चुका दोन जातींच्या असतात आणि त्यांना वेगळी वागणूक द्यावी लागते.

पहिली जात आतल्या भोकांची. पानाच्या तुकतुकीत भागावर उजेडाचे पांढरट ठिपके आहेत, त्यांचे आकडे २३५, २१५, २०५ असे काहीतरी. ते वँडने घ्यायला जाऊ नका. `L` दाबून साधा लॅसो घ्या, `Shift` धरा आणि त्या ठिपक्यांभोवती सैलसा वेढा घाला. वेढ्याची रेषा पानाच्या आतच आहे, त्यामुळे ती नेमकी असण्याची काही गरज नाही. ठिपके शेकड्यांनी बारीक असतील तर Select > Modify > Smooth मध्ये २ पिक्सेल देऊन ते बुजवता येतात. पण त्याने दातेरी कडेची टोकंही बोथट होतात, म्हणून पानासारख्या आकाराला मी लॅसोच पसंत करेन.

दुसरी जात कडेवरच्या चुकांची. आपल्या फोटोत ती जागा म्हणजे सावलीतली पानाची कड दगडावरच्या सावलीला भिडते तो भाग. तिथे वँडला कड दिसतच नाही, पण पानाचे दाते एका लयीने येतात हे डोळ्याला दिसतं. २०० टक्के झूम करा. जिथे सिलेक्शन बाहेर गेलं आहे तिथे `Alt` धरून लॅसोने ते कापा, जिथे कमी पडलं आहे तिथे `Shift` धरून जोडा. प्रत्येक वेढ्याचा एकच तुकडा कडेवरून जायला हवा, बाकीचा वेढा मोकळ्या जागेतून फिरवून आणा. वेढा लहान ठेवा, एका वेळी दोन-तीन दाते पुरेत. साध्या लॅसोत माउसचं बटण मध्येच सुटलं तर तो सुरुवातीच्या बिंदूपर्यंत सरळ रेषा मारून वेढा बंद करतो. वेढा लहान असला तर नुकसानही लहान होतं.

देठासाठी पॉलिगोनल लॅसो सोयीचा. देठ साधारण ६ पिक्सेल रुंद आणि जवळजवळ सरळ आहे, म्हणून एका बाजूने चार-पाच क्लिक, दुसऱ्या बाजूने परत चार-पाच क्लिक, की झालं. चुकीचा बिंदू पडला तर `Backspace` दाबून तेवढाच मागे घेता येतो. काम चालू असताना `Space` धरून फोटो सरकवता येतो, त्यामुळे झूम कमी करण्याची गरज पडत नाही.

मॅग्नेटिक लॅसो कडेचा फरक शोधत चिकटतो. उन्हातल्या बाजूला तो छान चालतो, पण ती बाजू वँडने आधीच घेतलेली आहे. सावलीच्या बाजूला, जिथे मदतीची खरी गरज आहे, तिथे त्यालाही पान सोडून सावलीची बाहेरची कड जास्त ठळक वाटते आणि तो तिकडे उडी मारतो. म्हणून या फोटोत तो उपयोगाचा नाही. वस्तूची कड सगळीकडे ठळक पण रंग आत नाना प्रकारचे असतील, अशा फोटोत तो वापरावा.

एक काळजी फार महत्त्वाची आहे. लॅसोच्या पट्टीवर Feather चा रकाना असतो आणि त्यात टाकलेला आकडा पुढच्या वेळीही तसाच राहतो. कधी तरी २० टाकलेले असतील तर आज दातांभोवती काढलेला बारीक वेढा गोल गरगरीत होतो, किंवा कुठलाच पिक्सेल ५० टक्क्यांहून जास्त निवडला गेलेला नाही असा इशारा येतो. काम सुरू करताना तो रकाना ० आहे ना, हे आधी पाहा.

फेदर लावण्याआधी तपासा आणि जपून ठेवा

हलती तुटक रेषा पाहून सिलेक्शन तपासू नका. ती रेषा फक्त ५० टक्के निवडीच्या सीमेवर काढलेली असते, अर्धवट निवडलेलं त्यात दिसत नाही. `Q` दाबून क्विक मास्कमध्ये जा. तिथे न निवडलेल्या भागावर लाल रंगाचा पातळ पडदा येतो. पण आपलं पानच लाल आहे, त्यामुळे कुठे पान संपलं आणि कुठे पडदा लागला ते कळणार नाही. टूलबारमधल्या क्विक मास्कच्या चिन्हावर डबलक्लिक करून पडद्याचा रंग हिरवा किंवा निळा करा. आता दगडावर निळा पडदा आणि पान स्वच्छ दिसायला हवं. पानात निळा ठिपका दिसला तर भोक राहिलं आहे, दगडावर स्वच्छ डाग दिसला तर गळती आहे. `Q` पुन्हा दाबून बाहेर या आणि लॅसोने दुरुस्त करा.

मग Select > Save Selection ने सिलेक्शन जपून ठेवा. ते अल्फा चॅनल म्हणून, म्हणजे निवडलेलं पांढरं आणि न निवडलेलं काळं अशा चित्राच्या रूपात साठतं. फेदर लावलेल्या सिलेक्शनमधून टोकदार कड परत काढायचा मार्ग नसतो, फक्त पूर्ववत करता येतं. शिवाय फेदर दोनदा लावला तर तो साचत जातो. ३ पिक्सेलवर ४ पिक्सेल लावले तर परिणाम साधारण ५ पिक्सेलच्या एका फेदरसारखा होतो. प्रयोग करायचा तर दर वेळी जपलेलं सिलेक्शन पुन्हा उघडून त्यावर करा.

फेदर किती

`Shift` + `F6` दाबलं की फेदरची खिडकी उघडते. तिथला आकडा म्हणजे मऊ पट्ट्याची पूर्ण रुंदी नव्हे. कड आत आणि बाहेर दोन्हीकडे विरते आणि दिसणारा पट्टा आकड्याहून बराच रुंद असतो. म्हणून ५ टाकून पाचच पिक्सेल मऊ होतील असं धरू नका.

किती टाकायचं ते फोटोतल्या खऱ्या कडेवरून ठरतं. ३०० टक्के झूम करून पाहा की पानाचा लाल संपून दगडाचा करडा पूर्ण सुरू व्हायला किती पिक्सेल लागतात. उन्हातल्या, फोकसमधल्या कडेला दोन किंवा तीन लागत असतील तर ०.५ ते १ एवढा फेदर पुरे. हाच फोटो १००० पिक्सेल रुंदीचा करून घेतला असता तर तेवढाही जास्त झाला असता, कारण फेदर पिक्सेलमध्ये मोजला जातो आणि फोटोच्या आकाराशी त्याला घेणं नसतं. दुसऱ्या फोटोतला आकडा म्हणून इथे उचलून चालत नाही.

जास्त फेदर झाल्याचं सगळ्यात आधी देठावर कळतं. ६ पिक्सेल रुंद देठाला ५ चा फेदर दिला तर दोन्ही बाजूंनी कड आत विरत येते आणि देठाच्या मधोमधही निवड ५० टक्क्यांच्या खाली जाते. तुटक रेषा देठावरून गायब होते आणि रंग बदलल्यावर देठ अर्धवट जुना राहतो. दात्यांच्या टोकांचंही तेच. दुसरी खूण दगडावर दिसते. पान उजळ केलं की त्याच्याभोवती दगडावर उजळ वलय येतं, कारण बाहेर विरलेल्या निवडीमुळे दगडही थोडा उजळतो. वलय दिसलं की फेदर कमी करा. टॉलरन्सला हात लावण्याचं कारण नाही.

पानाचा एक कोपरा फोकसबाहेर असेल तर मात्र अडचण होते. तिथली खरी कड दहा-बारा पिक्सेल पसरलेली आहे आणि उरलेली तीन पिक्सेल, आणि फेदरचा एकच आकडा सगळीकडे लागतो. त्यावर उपाय म्हणजे फेदर सिलेक्शनवर न लावता जपलेल्या अल्फा चॅनलवर, हवा तिथेच लावणं. आधी `Ctrl` + `D` ने सिलेक्शन सोडा आणि Channels पॅनलमध्ये तो चॅनल निवडा, पान पांढरं आणि दगड काळा दिसेल. आता लॅसोच्या पट्टीवर Feather १० करा आणि धूसर कोपऱ्याभोवती सैल वेढा घाला. मग Filter > Blur > Gaussian Blur मध्ये ३ पासून सुरुवात करून, फोटोतल्या धूसरपणाशी जुळेपर्यंत वाढवा. लॅसोला दिलेल्या फेदरमुळे मऊ कड आणि टणक कड यांचा सांधा दिसत नाही. सिलेक्शन सोडा, लॅसोचा फेदर आठवणीने ० करा, आणि `Ctrl` धरून चॅनलच्या छोट्या चित्रावर क्लिक करा. दोन प्रकारच्या कडा असलेलं सिलेक्शन फोटोवर येतं. वर RGB वर क्लिक करून रंगीत फोटोकडे परत या आणि Hue/Saturation चा ॲडजस्टमेंट लेयर जोडा, सिलेक्शन आपोआप त्याचा मास्क होतं.

पान उचलून दुसऱ्या फोटोत ठेवायचं असेल तर हिशोब थोडा बदलतो. रंग बदलताना कडेवरचा करडा पिक्सेल दगडावरच राहतो, म्हणून खपून जातो. पान हलवलं की तोच करडा काठ सोबत येतो आणि गडद पार्श्वभूमीवर फिकट रेघ होऊन उठतो. अशा वेळी फेदर वाढवला तर करडा काठ आणखी पसरतो. आधी Select > Modify > Contract ने १ पिक्सेल आत या, मग ०.५ फेदर द्या. देठ बारीक असल्याने त्याला हे जड जातं. देठ वेगळा पॉलिगोनल लॅसोने घेऊन त्याच्या लेयरवर Layer > Matting > Defringe १ पिक्सेल लावलेलं बरं.

गिंपमध्ये

गिंपमधला वँड म्हणजे Fuzzy Select, किल्ली `U`. टॉलरन्सला तिथे Threshold म्हणतात आणि तो सुरुवातीला १५ असतो, म्हणून फोटोशॉपच्या सवयीने पाहणाऱ्याला सिलेक्शन कमी आल्यासारखं वाटतं. क्लिक करून बटण न सोडता माउस ओढला की मर्यादा वाढते-घटते आणि सिलेक्शन लगेच दिसतं. लॅसोला Free Select म्हणतात, किल्ली `F`. ओढलं तर मुक्त रेषा, क्लिक केलं तर सरळ तुकडे, दोन्ही त्यातच.

गिंपमध्ये Select by नावाची एक फार उपयोगी यादी आहे. तीत Hue निवडलं तर वँड उजेड-अंधार न पाहता फक्त रंगछटा पाहतो. आपल्या फोटोतले आकडे घेऊन हिशोब केला तर पानाची छटा उन्हात ८ अंश, शिरांत ७ आणि सावलीत ६ येते. तपकिरी डाग आणि दगडावरची सावली २४ अंशांवर आहेत, कोरडा दगड ३५ वर. जे ऊन-सावलीत फुटलं होतं ते छटेत एकत्र येतं आणि लहान मर्यादेतच जवळजवळ पूर्ण पान मिळतं. अडचण एवढीच की करड्या रंगाची छटा डळमळीत असते. दगडावरच्या सावलीत तिन्ही चॅनल दहाच अंकांच्या आत आहेत. जेपेगच्या खरखरीने त्यातला एक दोन-तीन अंकांनी सरकला तरी छटा कित्येक अंश बदलते आणि दगडातले सुटे पिक्सेल पानासोबत येतात. ते सावलीच्या कडेला मिठासारखे विखुरलेले दिसतात. त्या कडेवर पुन्हा Free Select घ्या आणि `Ctrl` धरून वजा करा. गिंपमध्ये वजाबाकीला `Alt` नव्हे, `Ctrl` लागतं.